विश्लेषण : चंद्रपूरची डाळ खरोखर ‘उंची’मुळे शिजत नाही का?

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यांचे गाव समुद्रसपाटीपासून काही शे मीटरवर आणि शिखर ८,८४८ मीटरवर. या दोन टोकांच्या मधे श्वासाचे, रक्ताचे, झोपेचे गणित बदलते हे सर्वांना ठाऊक असते. चुलीचे गणितही तितकेच बदलते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. घरी पाणी ९९ अंश सेल्सिअसच्या वर उकळते. एव्हरेस्टच्या तळावर, पाच हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर, ते सुमारे ८३ अंशांनाच खदखदू लागते आणि माथ्यावर ७०-७१ अंशांना. त्या पाण्यात तूरडाळ कितीही वेळ ठेवली तरी ती घरच्या वरणासारखी घोटली जात नाही.

दुसरीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या पाककृतींमुळे उलटाच गैरसमज पसरतो. डोंगराळ, जंगली भाग म्हणजे उंचावरचा भाग, असे समजून चंद्रपूर-गडचिरोलीतही केकची भट्टी वाढवली जाते, बेकिंग पावडर कमी केली जाते, डाळीला जास्तीच्या शिट्ट्या दिल्या जातात. यातले काही करण्याची गरज आहे का? आणि नसेल, तर इथली डाळ अनेकदा टणक का राहते?

उंचीवर डाळीला वेळ का लागतो?

पाणी उकळते म्हणजे त्याच्या वाफेचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाइतका होतो. वर जावे तशी डोक्यावरची हवा कमी होते, दाब उतरतो आणि पाण्याला उकळायला कमी तापमान पुरते. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो.

एकदा पाणी उकळू लागले की त्याचे तापमान तिथेच थांबते. आच मोठी केल्याने पाणी अधिक गरम होत नाही, फक्त लवकर आटते. डाळ शिजते ती बुडबुड्यांमुळे नव्हे, तर तापमानामुळे. उष्णतेने दाण्यातील पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सुटते, पिष्ठ पाणी पिऊन फुगते आणि मग दाणा मऊ होतो. हे बदल तापमान थोडे उतरले तरी बरेच मंदावतात. स्वयंपाकापुरता अंदाज हवा असेल तर दहा अंश उतरले की गती निम्मी होते, असे धरावे. म्हणजे तीन अंशांच्या फरकाला वेळ सुमारे पाऊणपट नव्हे, तर सव्वापट लागेल आणि अकरा-बारा अंशांच्या फरकाला दुपटीहून अधिक.

पाण्यात मीठ घातल्याने उत्कलनबिंदू वाढतो, हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. पण लिटरला दोन छोटे चमचे मीठ घातले तरी वाढ अंशाच्या पाचव्या भागाइतकीही होत नाही. गंजावर झाकण ठेवल्याने इंधन वाचते, पाणी कमी आटते, पण तापमानात मोलाची भर पडत नाही.

मग चंद्रपूर-गडचिरोली किती उंचावर आहे?

चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर आहेत. वरचा हिशेब लावला तर येथे पाणी ९९.३ अंशांच्या आसपास उकळते. मुंबईच्या तुलनेत फरक अर्ध्या-पाऊण अंशाचा. पुणे या दोन्ही शहरांपेक्षा साडेतीनशे मीटर उंच आहे, आणि तिथेही वरण नेहमीच्या वेळेतच होते. भामरागड, सुरजागड, टिपागडच्या रांगा किंवा जिवतीकडचा माणिकगड डोंगर हे दिसायला दुर्गम असले तरी हजार मीटरच्या आतले आहेत. पाचशे मीटरवरच्या वस्तीत पाणी ९८ अंशांच्या थोडे वर उकळते. तिथे डाळीला फार तर चार-पाच मिनिटे अधिक लागतील, आणि तेवढा फरक डाळीच्या एका वाणापासून दुसऱ्या वाणातही असतो.

दुर्गम असणे आणि उंच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंदाजाने ठरवण्याचीही गरज नाही. मोबाइलमधल्या नकाशावर किंवा कंपासवर गावाची उंची मीटरमध्ये दिसते. तिला ३०० ने भागावे आणि आलेला आकडा १०० मधून वजा करावा. उत्तर ९७ किंवा त्याहून जास्त आले तर घरच्या पाककृतीत काहीही बदलू नये.

तरीही डाळ शिजत नाही, याचे कारण काय?

‘तासभर झाला, डाळीत गणंग राहिलेच,’ ही तक्रार मात्र खोटी नाही. तिची कारणे बहुधा पाण्यात आणि डाळीच्या डब्यात असतात.

चंद्रपूर जिल्ह्याचा राजुरा-कोरपना पट्टा चुनखडीचा आहे. तिथे सिमेंट कारखाने उभे राहिले ते याच दगडामुळे. चुनखडीतून झिरपलेले भूजल बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. हे कॅल्शियम दाण्यातील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते. उष्णता जे सोडवू पाहते, ते पाणीच पुन्हा बांधत असते. अशा पाण्यात डाळीचे दाणे बाहेरून फुगतात, पण चिमटीत धरले की मधे करकरीत लागतात. साबणाला फेस न येणे, पाणी तापवण्याच्या रॉडवर पांढरा थर बसणे, या जड पाण्याच्या ओळखीच्या खुणा आहेत.

दुसरे कारण साठवण. उन्हाळ्याचा कडक ताप आणि पावसाळ्याची दमट हवा यांत वर्षभर राहिलेली डाळ आतून बदलते. तिच्या पेशीभित्तिका इतक्या घट्ट होतात की भिजवूनही ती नीट पाणी पीत नाही. अशी डाळ समुद्रकिनारी नेली तरी शिजणार नाही. तिसरे कारण म्हणजे घाई. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ मऊ होण्याआधीच घातले, तर आंबटपणामुळेही पेक्टिन सुटायला वेळ लागतो.

दोष नेमका कशाचा, हे कसे ओळखायचे?

यासाठी घरातच एक छोटी चाचणी करता येते. एकाच डब्यातली पाव-पाव वाटी तूरडाळ दोन सारख्या भांड्यांत अर्धा तास भिजवावी. एकात बोअरवेलचे आणि दुसऱ्यात आरओचे किंवा गोळा केलेले पावसाचे पाणी सारख्या मापाने घ्यावे. भिजवणेही त्याच त्या पाण्यात करावे. दोन्ही भांडी सारख्या आचेवर उघडी शिजवावीत आणि अर्ध्या तासानंतर दर पाच मिनिटांनी दाणा बोटांत दाबून पाहावा.

आरओच्या पाण्यातली डाळ चाळीस मिनिटांत मऊ झाली आणि बोअरवेलच्या पाण्यातली तासाभरानेही टणक राहिली, तर दोष पाण्याचा. दोन्ही टणक राहिल्या तर दोष डाळीच्या जुनेपणाचा. दोन्ही वेळेत शिजल्या तर रोजच्या स्वयंपाकात आंबट आधी पडत आहे का, किंवा मधेच थंड पाणी ओतले जात आहे का, ते पाहावे. या चाचणीत उंचीचा प्रश्नच येत नाही, कारण दोन्ही भांडी एकाच उंचीवर आहेत.

पाण्याचा दोष निघाला तर पाणी दहा-पंधरा मिनिटे उकळून, निवू देऊन, खाली बसलेला पांढरा गाळ न ढवळता वरचे पाणी डाळीसाठी घ्यावे. जडपणाचा जो भाग उकळून जाण्यासारखा असतो, तो यात बराच कमी होतो. सर्व क्षार मात्र जात नाहीत. गाळ बसूनही डाळ शिजत नसेल तर डाळीपुरते तरी वेगळे पाणी वापरणे हाच उपाय उरतो.

चिमूटभर सोडा हा सोपा मार्ग अनेक ठिकाणी रूढ आहे. सोड्याने डाळ लवकर गळते हे खरे, पण त्यासोबत डाळीतले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवही साबणासारखी होऊ शकते. ज्यांच्या ताटात डाळ हाच पोषणाचा मोठा आधार आहे, त्या मुलांच्या रोजच्या गंजात सवयीने सोडा पडणे योग्य नाही.

खऱ्या उंचीवर काय बदलावे?

चंद्रपूर-गडचिरोलीतून बाहेर पडणाऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. कोणी सहलीला चिखलदऱ्याला जातो, कोणी सैन्यात भरती होऊन लडाखला, कोणी गिर्यारोहणाला. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या थोडे वर उकळते. भिजवलेली तूरडाळ उघड्या गंजात चंद्रपूरला साधारण चाळीस मिनिटे घेत असेल, तर तिथे पन्नास मिनिटे धरावीत. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे पाणी ८८ अंशांना उकळते. तीच डाळ उघड्यावर दीड-दोन तास घेईल, आणि तेवढ्या वेळात पाणी इतके आटेल की दोनदा भर घालावी लागेल. ही भर उकळत्या पाण्याचीच हवी. थंड पाणी ओतले की आधीच कमी असलेले तापमान आणखी पडते.

इथे प्रेशर कुकर कामाला येतो. कुकरचे वजन आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एका वातावरणाइतका अधिक झाला की उचलले जाते. समुद्रसपाटीला त्यामुळे आत सुमारे १२० अंश मिळतात. लेहला बाहेरचा दाबच कमी असल्याने आत ११४-११५ अंश मिळतात. उघड्या भांड्यात बारा अंशांची तूट, कुकरमध्ये ती निम्म्यावर येते. दीड-दोन तासांचे काम पंधरा मिनिटांवर येते ते यामुळे.

पण शिट्टी फसवते. लेहलाही शिट्टी तशीच वाजते, तिचा आवाजही तोच असतो, मात्र आतले तापमान पाच-सहा अंशांनी कमी असते. त्यात शिट्ट्यांची संख्या आचेवर अवलंबून असते. मोठ्या आचेवर चार मिनिटांत तीन शिट्ट्या होतात, मंद आचेवर बारा मिनिटांतही होतात. म्हणून ‘तीन शिट्ट्या’ हे माप घरच्या ठरलेल्या चुलीवर चालते, परक्या ठिकाणी चालत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि तिथून घड्याळ लावावे. एक वाटी भिजवलेल्या तूरडाळीला चंद्रपूरला असे दहा मिनिटे पुरत असतील, तर ६०० मीटरनंतर दर ३०० मीटरला वीसावा भाग वेळ वाढवावा. चिखलदऱ्याला अकरा मिनिटे, लेहला पंधरा. नंतर कुकर आपोआप निवू द्यावा. त्या वेळातही डाळ शिजतच असते.

राजम्याच्या बाबतीत ही केवळ सोय नाही, सुरक्षिततेची बाब आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो. तो उकळत्या, शंभर अंशांच्या जवळच्या पाण्यात पुरेसा वेळ शिजवल्यावर निकामी होतो. ८० अंशांच्या आसपास नुसता गरम केलेला अर्धाकच्चा राजमा कच्च्यापेक्षाही अधिक त्रास देऊ शकतो. उलट्या आणि जुलाब काही तासांतच सुरू होतात. म्हणून फार उंचीवर राजमा भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्येच शिजवावा. गंजात खदखदताना दिसतो म्हणून शिजला असे समजू नये.

केकचे गणित उलटे का?

डाळीला उंचीवर वेळ वाढवावा लागतो. केकला मात्र बहुधा भट्टी वाढवून वेळ कमी करावा लागतो. यामागचे कारणही दाबच आहे, पण तो वेगळ्या बाजूने काम करतो.

ओव्हनमधली हवा १८० अंशांची असेल तर ती चंद्रपुरातही १८० आणि लेहलाही १८०. बदलते ते पिठातले. बेकिंग पावडरमधून निघणारा वायू कमी दाबात अधिक फुगतो. केक भराभर वर येतो, पण त्याचा सांगाडा, म्हणजे अंडे आणि पिष्ठ, तेवढ्या वेगाने घट्ट होत नाही. बुडबुडे फुटतात आणि केक मधोमध खचतो. त्याच वेळी पाणी लवकर उडून जाते, उरलेल्या पिठात साखरेचे प्रमाण वाढते आणि साखर सांगाडा घट्ट होण्याला आणखी उशीर करते. म्हणून चार बदल करायचे असतात. फुगवणारा घटक थोडा कमी, साखर थोडी कमी, पातळ पदार्थ थोडा जास्त, आणि भट्टी थोडी तेज, म्हणजे केक खचण्याआधी घट्ट होईल.

हे बदल साधारण ९०० ते १,००० मीटरनंतर लागू होतात. समजा घरची कृती दोन कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि १८० अंशांवर ३५ मिनिटे अशी आहे. चिखलदऱ्याला बेकिंग पावडर पावणेदोन चमचे घ्यावी, साखरेतून एक मोठा चमचा काढावा, दुधात दोन मोठे चमचे वाढवावे, भट्टी १९० अंश ठेवावी आणि २८ मिनिटांपासून सळई टोचून पाहावी. लेहसारख्या उंचीवर पावडर दीड चमच्यापर्यंत आणावी, साखर तीन मोठे चमचे कमी करावी, दूध चार मोठे चमचे वाढवावे, मैद्यात दोन मोठ्या चमच्यांची भर घालावी आणि डबा निम्माच भरावा. हे आकडे सुरुवातीचे आहेत. एकदा केक करून, खचला की कोरडा पडला हे पाहून, पुढच्या वेळी एकच घटक बदलावा. चारही एकदम बदलले तर कशाने सुधारले ते कळत नाही.

कुकरमधला केक उंचीपासून वाचतो का?

नाही. अनेक घरांत ओव्हन नसतो आणि तळाला मीठ किंवा वाळू घालून कुकरमध्ये केक करतात. कुकर दाब देतो म्हणून तिथे उंचीचा परिणाम होणार नाही, असे वाटू शकते. पण या पद्धतीत शिट्टी आणि रबर दोन्ही काढलेले असतात, आणि ते काढायलाच हवेत, कारण पाण्याशिवाय बंद कुकर तापवणे धोक्याचे आहे. म्हणजे तो कुकर दाबाचे भांडे राहत नाही. तो फक्त एक लहान भट्टी असतो. तिथे केकला लागू होणारे चारही बदल तसेच लागू होतात.

चंद्रपुरात मात्र यातला एकही बदल करू नये. इथे केक खचला तर कारणे दुसरी असतात. उन्हाळ्यात स्वयंपाकघर चाळिशी पार करते. तिथे भिजवलेले पीठ अर्धा तास ठेवले तर बेकिंग पावडरचा बराच जोर डब्यात जाण्याआधीच संपतो. लोणी वितळते आणि फेटून भरलेली हवा निघून जाते. विजेचा दाब उतरला तर ओव्हन सांगितलेले तापमान गाठत नाही. अशा वेळी बेकिंग पावडर आणखी कमी केली तर केक दडदडीत होतो, आणि दोष पुन्हा न केलेल्या उंचीला दिला जातो.

मग शिकवायचे काय?

पाककृतीतील मिनिटे आणि शिट्ट्या हे उत्तर नसते. ते एका विशिष्ट चुलीवर, विशिष्ट पाण्यात, विशिष्ट उंचीवर आलेले उत्तर असते. ते दुसरीकडे उचलून नेले की चुकते. म्हणून पाककृतीत वेळेबरोबर खूण असायला हवी. डाळीची खूण म्हणजे दाणा चिमटीत दाबल्यावर मधे कण न लागणे. केकची खूण म्हणजे सळई कोरडी निघणे आणि बोटाने दाबल्यावर पृष्ठभाग परत वर येणे. या खुणा चंद्रपुरात खऱ्या आहेत आणि लेहलाही. केकच्या खुणा तर एकाच घरात ओव्हन बदलला तरी बदलत नाहीत.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत याचे महत्त्व अधिक आहे. तिथे डाळ मोठ्या गंजात, उघड्यावर, एका ठरलेल्या वेळेत शिजवावी लागते. वेळ संपली म्हणून उतरवलेली अर्धवट डाळ मुले ताटात ठेवून देतात, आणि ती शिजवायला लावलेले लाकूड किंवा गॅस वाया जातो. अशा ठिकाणी उंचीचे तक्ते भिंतीवर लावून काही साध्य होणार नाही. पाण्याची दोन भांड्यांची चाचणी एकदा करून, डाळीसाठी कोणते पाणी घ्यायचे ते ठरवणे, डाळ आदल्या रात्री भिजवणे आणि जुनी डाळ आधी संपवणे, एवढे पुरेसे आहे. उंचीचा तक्ता हवा तो डोंगरावर निघालेल्या मुलांच्या पाठपिशवीत, लहान कुकरच्या शेजारी.